x^4+1 पूर्णांकांत फुटत नाही, मग प्रत्येक मूळ संख्येला कशी फुटते?

निरंजन_म

पूर्णांक सहगुणकांची, सर्वांत मोठ्या घाताचा सहगुणक 1 असलेली बहुपदी दिली की तिचे अवयव पडतात की नाही, एवढंच सांगणारा एक छोटा प्रोग्राम लिहायला घेतला होता. युक्ती साधी होती. एखादी मूळ संख्या p घ्यायची, सगळ्या सहगुणकांच्या जागी p ने भागल्यावर उरणारी बाकी ठेवायची आणि त्या बाक्यांच्या जगात अवयव पडतात का ते बघायचं. तिथे पडले नाहीत तर पूर्णांकांतही पडणार नाहीत. पडले तर पुढची मूळ संख्या घ्यायची. बहुपदी खरोखरच न फुटणारी असेल तर कधीतरी एखादी p सापडेल आणि प्रोग्राम थांबेल, असं गृहीत धरलं.

बऱ्याच बहुपदींना पाच-सहा मूळ संख्यांतच उत्तर मिळालं. मग x^4+1 दिली आणि तो थांबेचना. आधी वाटलं माझंच काहीतरी चुकलंय, म्हणून PARI/GP मध्ये हे चालवून पाहिलं:

```
forprime(p=2, 10^5, if(polisirreducible(Mod(1,p)*(x^4+1)), print(p)))
```

एकही संख्या छापली गेली नाही. म्हणजे एक लाखापर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येला ही फुटते. पण पूर्णांकांत तर ती फुटत नाही असं सगळीकडे वाचलंय. दोन्ही खरं कसं?

जुनी वही

तुमचं वाचण्यात काहीतरी चुकलं आहे. ही पूर्णांकांत फुटते. आम्ही मुलांना दरवर्षी करायला देत असू: मधे 4x^2 मिळवा आणि वजा करा, पूर्ण वर्ग होतो, मग दोन वर्गांची वजाबाकी. (x^2+2x+2)(x^2-2x+2). गुणून पाहा.

वेदा

काका, गुणून पाहिलं. x^4+4 येतं, x^4+1 नाही. :)

जुनी वही

खरंच की! शेवटचा आकडा मी आठवणीतूनच वाचला. पण युक्ती तीच वापरून बघू. x^4+1 मध्ये 2x^2 मिळवून वजा केलं की (x^2+1)^2 - 2x^2. आता 2x^2 हा कशाचा वर्ग? 2 चं वर्गमूळ पूर्णांक नाही, म्हणून गाडी तिथेच अडते. चारच्या वेळी मधलं पद 4x^2 होतं, म्हणून सुटलं.

मुक्ता

जुनी वही, तुम्ही चुकून बरोबर दारावर येऊन उभे राहिलात. सगळी गोष्ट "गाडी कुठे अडते" यातच आहे, आणि ती एका नाही, तीन ठिकाणी अडते.

समजा x^4+1 चे दोन द्विघाती अवयव आहेत: (x^2+ax+b)(x^2+cx+d). गुणून सहगुणक जुळवा. x^3 चा सहगुणक शून्य हवा, म्हणून c = -a. x चा शून्य हवा, म्हणून a(d-b) = 0. आता दोनच वाटा. a = 0 असेल तर b+d = 0 आणि bd = 1, म्हणजे b चा वर्ग -1. नाहीतर b = d, मग b चा वर्ग 1, म्हणजे b हा 1 किंवा -1, आणि a चा वर्ग 2b, म्हणजे 2 किंवा -2.

म्हणजे -1, 2 आणि -2 या तिघांपैकी एकाचं तरी वर्गमूळ हातात असेल तर बहुपदी फुटते:

x^4+1 = (x^2+i)(x^2-i), जिथे i^2 = -1
x^4+1 = (x^2+sx+1)(x^2-sx+1), जिथे s^2 = 2
x^4+1 = (x^2+tx-1)(x^2-tx-1), जिथे t^2 = -2

पूर्णांकांत यांतल्या एकाचंही वर्गमूळ नाही. एकघाती अवयव तर नाहीच, कारण x^4 = -1 होईल असा पूर्णांक नाही. झाली सिद्धता. आइझेनस्टाइनची कसोटी x च्या जागी x+1 घालूनही लावता येते, पण तिने "फुटत नाही" एवढंच कळतं, का फुटत नाही ते दिसत नाही.

आता निरंजन, हेच मूळ संख्यांना करून बघा. ५ साठी 2^2 = 4, म्हणजे -1. पहिलं दार उघडलं: (x^2+2)(x^2-2) = x^4-4, आणि -4 ची बाकी 1. ७ साठी 3^2 = 9, म्हणजे 2. दुसरं दार: (x^2+3x+1)(x^2-3x+1) = x^4-7x^2+1, मधलं पद गेलं. ११ साठी तेच 9, पण यावेळी ते -2 आहे. तिसरं दार: (x^2+3x-1)(x^2-3x-1) = x^4-11x^2+1. २ ची गोष्ट वेगळी, तिथे सरळ (x+1)^4 होतं.

निरंजन_म

हे गुणून पाहिलं, जमतंय. पण प्रत्येक p ला तिघांपैकी एक दार उघडेलच याची खात्री कशी? तिन्ही बंद असलेली एखादी p का नसावी?

वेदा

हे मी सांगू का? नुकतंच शिकलेय.

p विषम मूळ संख्या घ्या. शून्य सोडून p-1 बाक्या उरतात. प्रत्येक वर्गाला बरोबर दोन वर्गमुळं असतात, r आणि -r. म्हणून निम्म्या बाक्या वर्ग असतात आणि निम्म्या नसतात. ७ ला 1, 2, 4 वर्ग आहेत. 3, 5, 6 नाहीत.

आता वर्ग नसलेली एक बाकी n घ्या आणि सगळ्यांना n ने गुणा. कोणत्याही दोन बाक्या एकाच जागी जात नाहीत, म्हणजे नुसती अदलाबदल होते. वर्गाला n ने गुणलं की वर्ग नसलेली बाकी मिळते (नाहीतर n हाही वर्ग निघाला असता). म्हणजे त्या निम्म्या जागा वर्गांनीच भरून टाकल्या. मग वर्ग नसलेल्यांना n ने गुणल्यावर जायला उरल्या फक्त वर्गांच्या जागा. म्हणून वर्ग नसलेल्या दोघांचा गुणाकार नेहमी वर्ग. ७ ला 3×5 = 15, बाकी 1. बरोबर.

आता -1 वर्ग नसेल आणि 2 पण नसेल, तर त्यांचा गुणाकार -2 हा वर्ग असणारच. तिन्ही दारं एकदम बंद होऊच शकत नाहीत.

मुक्ता

छान सांगितलंस. एकच भर घालते, कारण निरंजनचा खरा प्रश्न इथेच आहे. पूर्णांकांत हा नियम का चालत नाही? कारण तिथे "वर्ग नसणं" एकाच जातीचं नाही. -1 वर्ग नाही, 2 वर्ग नाही, आणि गुणाकार -2 सुद्धा नाही. 3 आणखी वेगळ्या कारणाने नाही, 5 आणखी वेगळ्या. या जाती अनंत आहेत. मूळ संख्येच्या बाक्यांत मात्र वर्ग नसलेल्यांची एकच जात असते, म्हणून त्यातले कोणतेही दोघे एकमेकांना गुणून वर्गात येतात. दोन्हीकडे समीकरणं तीच आहेत, फक्त वर्गमुळांचा हिशेब वेगळा आहे.

टिंबटिंब

"मूळ संख्येला मूळ नाही" हे वाक्य मराठीतच शक्य आहे. :D

बरं, मग याचा अर्थ n^4+1 ही कधीच मूळ संख्या नसते, असं ना? प्रत्येक p ला फुटते म्हणजे नेहमी कशाने तरी भाग जाणारच.

वेदा

नाही हो, 2^4+1 = 17.

मुक्ता

टिंबटिंब, बहुपदी फुटणं आणि तिची किंमत फुटणं या दोन वेगळ्या गोष्टी. ३ ला x^4+1 चे (x^2+x-1)(x^2-x-1) असे अवयव पडतात, पण x ला 0, 1, 2 काहीही द्या, किंमत तीनने भागली जात नाही. द्विघाती अवयव आहेत, पण ते शून्य होतील अशी बाकी नाही.

किंमत p ने भागली जाण्यासाठी r^4 = -1 अशी बाकी हवी. म्हणजे r चा आठवा घात 1 आणि त्याआधीचा कोणताच नाही. शून्य नसलेल्या बाक्या p-1, म्हणून 8 ने p-1 ला भाग जायला हवा. १७ ला असं होतं: 2, 8, 9, 15 ही चार मुळं, आणि बहुपदी चार एकघाती तुकड्यांत फुटते. तिथे तिन्ही दारं एकदम उघडी असतात: 4^2 = -1, 6^2 = 2, 7^2 = -2.

म्हणून n^4+1 चा प्रत्येक विषम मूळ अवयव 8 ने भागल्यावर 1 बाकी देतो. 3^4+1 = 82 = 2×41. 5^4+1 = 626 = 2×313. आणि 6^4+1 = 1297 ही स्वतःच मूळ संख्या आहे. n^4+1 या रूपाच्या मूळ संख्या अनंत आहेत का, हे अजून कुणालाही सिद्ध करता आलेलं नाही. तो धागा वेगळा काढा.

अपूर्णांक

मला यात एक विसंगती दिसते. p खूप मोठी घेतली, समजा दहा लाखांच्या पुढची. x^4+1 चे सहगुणक 0 आणि 1. एवढ्या छोट्या संख्यांना एवढ्या मोठ्या p चा फरक पडायला नको. तेव्हा मोठ्या p ला जे अवयव पडतात तेच पूर्णांकांतले खरे अवयव असायला हवेत. ते नसतील तर संगणकाचा हा सगळा मार्गच चुकीचा आहे.

मुक्ता

अर्धं बरोबर आहे. पूर्णांकांत खरे अवयव असतील तर त्यांचे सहगुणक लहानच असणार आणि मोठ्या p ला ते जसेच्या तसे दिसणार. पण उलट खरं नाही. मोठ्या p ला दिसलेल्या अवयवांचे सहगुणक लहान असायला हवेत अशी सक्ती नाही.

s चंच बघा. s^2 - 2 ला p ने भाग जायला हवा, आणि s^2 - 2 शून्य कधीच होत नाही. म्हणून s हा निदान p च्या वर्गमुळाच्या आसपास तरी असलाच पाहिजे. p = 7 ला s = 3, p = 23 ला s = 5, पुढे त्याची किमान किंमत वाढतच जाते. दहा लाखांच्या पुढे s हजाराच्या घरात किंवा त्याहून मोठा.

आणि खऱ्या अवयवात काय चाललं असतं? x^4+1 ची चारही मुळं एकक वर्तुळावर आहेत. दोन मुळांची बेरीज 2 पेक्षा मोठी होऊ शकत नाही, म्हणून a हा -2 ते 2 मध्येच. p वाढेल तसे s आणि ही मर्यादा एकमेकांपासून दूरच जातात.

याचा फायदा पाहा. निरंजनला वाटलं की कोणतीही एक p त्याला उत्तर देत नाही. पण ५ देते! मॉड ५ ला अवयव फक्त x^2+2 आणि x^2-2, आणि ते आणखी फुटत नाहीत. पूर्णांकांत खरा अवयव असता तर त्याचं स्थिरपद 1 ला भाग देणारं हवं, म्हणजे 1 किंवा -1. मॉड ५ ला ते 2 किंवा -2 आहे. जुळत नाही. म्हणून x^4+1 पूर्णांकांत फुटत नाही. सिद्धता संपली, तीही एकाच मूळ संख्येत.

निरंजन_म

थांबा, म्हणजे माझी चूक इतकीच होती की "फुटली" असं कळल्यावर मी ते अवयव फेकून देत होतो?

मुक्ता

हो. बहुतेक प्रोग्राम ते फेकत नाहीत. एक p निवडतात, अवयव पाडतात, मग p च्या मोठ्या घातापर्यंत ते अवयव वर चढवतात आणि शेवटी कोणते तुकडे एकत्र केले तर लहान सहगुणकांचा खरा अवयव मिळतो ते तपासतात. ही झासेनहाउसची पद्धत, १९६९ ची. x^4+1 सारख्यांना ती अवघड जाते, कारण तुकडे नेहमी जास्तच मिळतात. तुकडे चार असतील तर काही बिघडत नाही. पण अशाच स्वभावाच्या मोठ्या घाताच्या बहुपदी बनवता येतात, त्यांना स्विनर्टन-डायर बहुपदी म्हणतात. त्यांच्यात तुकड्यांच्या जोड्या तपासता तपासता प्रोग्रामचा श्वास कोंडतो.

अपूर्णांक

बरं, मान्य. पण मग मॉड p काय किंवा मॉड कोणतीही संख्या काय, x^4+1 फुटणारच ना? p चे घात वर चढवता येतात असं तुम्हीच म्हणालात.

मुक्ता

विषम p ला चढवता येतात. ९ ला 4^2 = 16, बाकी 7, म्हणजे -2. तिसरं दार उघडं. २७ ला 5^2 = 25, तेही -2. असं कितीही वर.

२ ला मात्र नाही. मॉड ४ बघा. समीकरणं तीच. bd = 1 म्हणून b आणि d दोन्ही 1 किंवा दोन्ही 3. दोन्ही वेळा b+d ची बाकी 2, आणि तेवढाच a^2 हवा. पण ४ ने भागल्यावर वर्गाची बाकी 0 किंवा 1 असते, 2 कधीच नाही. मुळंही नाहीत, कारण विषम संख्येच्या चौथ्या घाताची बाकी 1 असते, -1 नाही. म्हणजे मॉड ४ ला ही फुटत नाही. मॉड २ ला (x+1)^4 झालेली बहुपदी एक पायरी वर गेली की बंद होते.

निरंजन_म

हे भारी आहे. म्हणजे सगळ्या मूळ संख्या तपासून काही हाती लागलं नाही, आणि ४ ला एका ओळीत काम झालं.

जुनी वही

मला एक विचारायचं आहे. तीन दारं, तीन वर्गमुळं, हे गणित करून समजलं. पण तीनच का? आणि हे x^4+1 लाच का? x^4+2 ला असं होतं का?

मुक्ता

x^4+2 ला होत नाही. मॉड ५ ला ती फुटत नाही, तिथेच निरंजनचा प्रोग्राम थांबेल.

तीनच का, ते असं. x^4+1 ची मुळं म्हणजे एकाच मुळाचे, त्याला z म्हणू, विषम घात: z, z^3, z^5, z^7. इथे z^8 = 1. चार मुळांच्या जोड्या लावायच्या तर तीनच प्रकार आहेत. z चा जोडीदार z^5 घेतला तर बेरीज शून्य आणि तुम्हाला i चं दार मिळतं. z^7 घेतला तर गुणाकार 1 आणि बेरीज 2 चं वर्गमूळ. z^3 घेतला तर गुणाकार -1 आणि बेरीज -2 चं वर्गमूळ.

आता मॉड p ला मुळं कशी हलतात? प्रत्येक मुळाचा p वा घात घ्यायचा, आणि अशा हलण्यात एकमेकांत फिरणारी मुळं एका अवयवात जातात. z चा p वा घात म्हणजे p ला 8 ने भागल्यावर जी बाकी उरते तो घात. बाकी 5 असेल तर z ची z^5 शी जोडी: ५, १३. बाकी 7 असेल तर z^7 शी: ७, २३. बाकी 3 असेल तर z^3 शी: ३, ११. बाकी 1 असेल तर कुणीच हलत नाही, चौघं सुटे.

आणि कळीची गोष्ट: कोणत्याही विषम संख्येच्या वर्गाला 8 ने भागलं की बाकी 1 उरते. म्हणून दोनदा हललं की प्रत्येक मूळ आपल्या जागी परत. चौघांचं एकच मोठं वर्तुळ फिरायला चार पावलं लागतात, ते इथे कधीच होत नाही. बहुपदी मॉड p ला न फुटण्यासाठी नेमकं तेच व्हायला हवं. गॅल्वाच्या भाषेत या ग्रुपमध्ये चार कोटीचा घटकच नाही.

वेदा

म्हणजे x^4+x^3+x^2+x+1 ला असं होणार नाही? तिथे 5 ने भागलेल्या बाक्या आहेत, आणि 2 चे घात 2, 4, 3, 1 असे चौघांतून फिरतात.

मुक्ता

बरोबर. ती मॉड २ लाच फुटत नाही.

टिंबटिंब

सहाव्या घाताची अशी एखादी आहे का? का हा फक्त चारचा चमत्कार?

मुक्ता

घात मूळ संख्या असेल तर अशी बहुपदी असूच शकत नाही, ५ किंवा ७ घाताची शोधू नका. सहाची आहे: x^6+108.

का ते वर्गांसारखंच करून बघा. मॉड p ला -3 वर्ग असेल तर 108 = 36×3 म्हणून x^6+108 ही दोन वर्गांची वजाबाकी होते आणि दोन त्रिघाती अवयव पडतात. ७ ला -3 म्हणजे 4, आणि मिळतं (x^3-2)(x^3+2). २ आणि ३ ला ती नुसती x^6 होते. आणि उरलेल्या मूळ संख्यांत -3 वर्ग नसेल तर p ला 3 ने भागून 2 उरते, आणि अशा p ला प्रत्येक बाकी कशाचा तरी घन असते. मग 108 = c^3 आणि x^2+c हा अवयव. ही पूर्णांकांत फुटत नाही हे मात्र तुम्ही दाखवा. ५ आणि ७ दोन्ही एकदम वापरा.

जुनी वही

११ ला करून पाहिलं. 108 ची बाकी 9, आणि 4 चा घन 64, त्याचीही बाकी 9. म्हणून x^2+4. (x^2+4)(x^4-4x^2+16) = x^6+64, आणि 108-64 = 44. या वेळी शेवटचा आकडा दोनदा तपासला आहे.

निरंजन_म

७ ला दोन्ही त्रिघाती तुकडे पुढे फुटत नाहीत, म्हणून खऱ्या अवयवाचा घात 3 च्या पटीत. ५ ला x^2-3 सापडला, दुसरा तुकडा x^4+3x^2+4. त्याला मुळं नाहीत हे दिसतंय. तो पुढे दोन द्विघातीत फुटतो का, की तसाच राहतो? का त्याने काही फरकच पडत नाही?

वेदा

मला वाटतं फरक पडत नाही. पण नक्की का, ते उद्या लिहिते.